लेट्रोझोल की क्लोमिफीन, आणि सोनोग्राफीत नेमकं काय बघतात?

प्रश्न: पीसीओएसमुळे पाळी अनियमित आहे. गर्भ राहावा म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल दिलंय, मैत्रिणीला क्लोमिफीन. फरक काय? आणि सारखी सोनोग्राफी कशाला?

उत्तर: दोन्ही गोळ्या मेंदूला ‘इस्ट्रोजेन कमी आहे’ असं भासवतात. मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त सोडते आणि अंडाशयातली फॉलिकल, म्हणजे अंडं असलेली पाण्याची छोटी पिशवी, वाढू लागते. लेट्रोझोल इस्ट्रोजेन तयार होणंच काही दिवस कमी करतं. क्लोमिफीन इस्ट्रोजेनचे रिसेप्टर अडवतं आणि शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे काहींचं गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. म्हणून पीसीओएसमध्ये आधी लेट्रोझोलच बरं.

गोळ्या साधारणपणे पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून 5 दिवस, लेट्रोझोल बहुधा रोज 2.5 मिग्रॅपासून.

समजा, अकराव्या दिवशी योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत एक फॉलिकल 14 मिमी दिसली. ती रोज सुमारे 2 मिमी वाढते, म्हणजे तेराव्या दिवशी 18च्या आसपास. अस्तर तीन रेघांचं, 7-8 मिमी असेल तर एचसीजीचं इंजेक्शन देतात. अंडं साधारण 36 तासांनी सुटतं. पुढच्या तपासणीत फॉलिकल आक्रसलेली आणि गर्भाशयामागे थोडं पाणी दिसलं, की ती फुटली असं धरतात.

एकही फॉलिकल 10-11 मिमीच्या पुढे गेली नाही, तर पुढच्या वेळी डोस वाढवतात. तीन-चार मोठ्या दिसल्या तर इंजेक्शन टाळून त्या महिन्यात संबंधही टाळायला सांगतात, कारण जुळी-तिळी राहण्याचा धोका असतो.