नाईट शिफ्ट, रिलोकेशन, ट्रॅव्हल: रेझ्युमेत कुठे आणि कसं लिहायचं?

"मी सोलापूरची, बीसीए, दोन वर्षं इथल्याच एका हॉस्पिटलच्या आयटीत काम करते. पुण्यातल्या सपोर्ट जॉब्सना अप्लाय करतेय, सगळीकडे रिलोकेट, रोटेशनल शिफ्ट, थोडा ट्रॅव्हल लागेल असं लिहिलेलं असतं. माझी तिन्हीला तयारी आहे, रेझ्युमेत शेवटी तसं लिहिलंय पण, तरी कॉलच येत नाहीत. काय चुकतंय?"

ताई, मी पुण्यात सपोर्ट टीमसाठी माणसं निवडायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही पोचतच नाही. पहिल्या नजरेत नाव, शहर, सध्याचं काम एवढंच दिसतं आणि तिथे नुसतं "सोलापूर" दिसलं की रिक्रूटर मनात म्हणतो की ही येईल का, कधी येईल, आणि शेजारी पुण्यातलाच एक रेझ्युमे पडलेला असतोच. म्हणून गावाचं नाव लपवू नका पण त्याच ओळीत पुढे लिहा, "सध्या सोलापूर, ऑफरनंतर १५ दिवसांत पुण्यात". नोटीस पिरियड एक महिन्याचा असेल तर १५ दिवस लिहू नका, महिनाच लिहा, नाहीतर पहिल्याच फोनवर गडबड होते. आणि "भारतात कुठेही" हे तर टाळाच, वाचणाऱ्याला वाटतं हिने अजून काहीच ठरवलेलं नाही. पुणे आणि मुंबई चालणार असेल तर तीच दोन नावं लिहा.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइलमध्ये `Preferred work location` आणि `Preferred shift` असे वेगळे रकाने आहेत, ते भरलेत का बघा. तिथे अजून सोलापूर आणि डे शिफ्ट असेल आणि रेझ्युमेत नाईट चालेल म्हणताय, तर पुणे आणि नाईट लावून शोधणाऱ्याच्या यादीत तुम्ही येणारच नाही, मग रेझ्युमे कितीही चांगला असो. अप्लाय करताना शिफ्टबद्दल हो/नाही विचारतात तिथेही तेच उत्तर हवं.

आता खरा मुद्दा. "नाईट शिफ्टला तयार आहे" हे सगळेच लिहितात, त्यावर आमचा विश्वास बसत नाही कारण माणूस महिनाभरात सोडून जातो हे पाहिलेलं असतं. पुरावा अनुभवात दिसला पाहिजे. आणि तुमच्याकडे तो आहे! हॉस्पिटल रात्री बंद होत नाही. रात्री बिलिंगचं सॉफ्टवेअर अडलं की कोणाला फोन यायचा, तुम्हालाच ना? मग कामाच्या पहिल्या दोन ओळींतच लिहा की महिन्यातून साधारण किती रात्री ऑन-कॉल होता, कॅज्युअल्टी आणि बिलिंग काउंटरचे प्रॉब्लेम रात्रीत सोडवून सकाळच्या टीमला हँडओव्हर दिला. हँडओव्हर हा शब्द आवर्जून घाला, शिफ्टमध्ये काम केलेलं माणूसच तो लिहितं. ट्रॅव्हलचंही तसंच, दुसऱ्या शाखेत जाऊन प्रिंटर, नेटवर्क लावून दिलं असेल तर गावाचं नाव आणि किती दिवस राहिलात ते टाका. केलं नसेल तर मात्र ओढूनताणून लिहू नका, इंटरव्ह्यूत दोन प्रश्नांत कळतं. अशा वेळी वरच्या ओळीत फक्त तयारी लिहिलीत तरी चालतं.

शब्द पोस्टिंगमधलेच उचला, पण अर्थ समजून. रोटेशनल म्हणजे शिफ्ट बदलत राहणार, फिक्स्ड नाईट म्हणजे रोजच रात्र, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं सकाळी ९ ते संध्याकाळी ६ काम असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ते पहाटे ३:३०, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ७:३० ते ४:३०. यूकेचं असेल तर उन्हाळ्यात दुपारी १:३० ते रात्री १०:३०, ती नाईट म्हणायचीच नाही खरं तर. तुम्हाला यूके चालतं पण पहाटेपर्यंतचं नाही असं असेल तर "यूके शिफ्ट" असंच लिहा, सरसकट नाईट नको. तसंच "५० टक्के ट्रॅव्हल" म्हणजे महिन्यातले दहा-अकरा कामाचे दिवस बाहेर, हे आधी घरी बोलून मगच हो म्हणा.

"घरच्यांची परवानगी आहे" हे वाक्य रेझ्युमेत असेल तर आजच काढा. लग्न, वय, वडिलांचं नाव यातलंही काही लागत नाही.

कॅब, नाईट अलाउन्स, शिफ्ट किती आठवड्यांनी बदलते हे रेझ्युमेत नको, एचआरच्या फोनवर विचारा. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे (२०१७ चा) रात्री ९:३० ते सकाळी ७ मध्ये बाईमाणसाला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची, घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते, त्यामुळे हे विचारताना अजिबात संकोच नको. कॅब घरापर्यंत की नुसती मेन रोडपर्यंत, हे स्पष्ट विचारा आणि जे उत्तर मिळेल ते ऑफर स्वीकारायच्या आधी ईमेलवर लिहून घ्या.