जागा तीच, अटी नव्या. जुना अर्ज धरतील का?

"मॅडम, तीन आठवड्यांपूर्वी एका कंपनीच्या साइटवर डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला. तेव्हा 0 ते 2 वर्षं अनुभव आणि एक्सेल, एसक्यूएल एवढंच मागितलं होतं. माझा अनुभव सव्वा वर्षाचा आहे. काल तीच जागा पुन्हा दिसली, पण आता 2 ते 4 वर्षं अनुभव हवाय आणि पॉवर बीआय आवश्यक म्हटलंय. माझा आधीचा अर्ज धरतील का? पुन्हा भरला तर वाईट दिसेल?"

अर्ज पोहोचल्याची जी ईमेल तुला आली होती, ती आधी उघड. तिच्यात सहसा `Job ID` किंवा `Requisition ID` असा एक क्रमांक असतो. आता कंपनीच्या स्वतःच्या साइटवर नव्या जाहिरातीचा क्रमांक बघ. नोकऱ्यांच्या इतर पोर्टलवरच्या तारखेवर जाऊ नकोस. तिथे जुनीच जाहिरात पुन्हा वर आणली, तरी ती 'आजची' दिसू शकते.

क्रमांक तोच असेल, तर फक्त मजकूर बदललाय आणि तुझा अर्ज त्याच फाइलमध्ये आहे. क्रमांक वेगळा असेल, तर ती नवी फाइल आहे. जुने अर्ज तिच्यात सहसा आपोआप जात नाहीत. रिक्रूटर ते उचलून नव्या फाइलमध्ये टाकू शकतो, पण त्याला ते सुचलं पाहिजे. मी स्वतः भरतीच्या कामात असताना नवी फाइल उघडली की समोर आलेले ताजे अर्जच वाचायचे. जुन्यांकडे वळायचं ते यातून कुणी मिळालं नाही तरच. यात आकस नव्हता, वेळ नव्हता.

क्रमांक तोच निघाला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नकोस. अर्ज करताना तू फॉर्ममधल्या प्रश्नांची उत्तरं दिलीस, ती त्या दिवसाच्या प्रश्नांची होती. नव्या फॉर्ममध्ये "पॉवर बीआय किती वर्षं वापरलंय?" असा प्रश्न वाढवला असेल, तर तुझ्या नोंदीत तो रकाना रिकामा आहे. रिक्रूटरने त्या रकान्यावर फिल्टर लावला की रिकामे अर्ज यादीतून गळतात. तुला कुणी नाकारलेलं नसतं, तुझं नाव दिसतच नाही. प्रोफाइलमध्ये नवा रेझ्युमे चढवूनही अनेकदा उपयोग होत नाही, कारण अर्जासोबत गेलेली प्रत तशीच राहते.

म्हणून क्रमांक वेगळा असेल तर सरळ पुन्हा अर्ज कर. दोन वेगळ्या क्रमांकांवर दोन अर्ज, यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. जुन्याचं स्टेटस `No longer under consideration` झालं असलं तरी तो निर्णय त्या फाइलपुरता असतो. क्रमांक तोच असेल आणि साइट `Already applied` म्हणत असेल, तर मात्र जुना अर्ज मागे घेऊन नवा भरायच्या फंदात पडू नकोस. काही साइटवर एकदा मागे घेतला की त्याच जागेसाठी पुन्हा भरताच येत नाही. त्यापेक्षा एचआरला छोटी ईमेल पाठव:

"अमुक क्रमांकाच्या जागेसाठी मी अमुक तारखेला अर्ज केला होता. जाहिरातीत आता पॉवर बीआयचा उल्लेख आहे. सध्याच्या कामात मी मासिक विक्रीचा डॅशबोर्ड पॉवर बीआयमध्ये करते. आधीच्या रेझ्युमेत ते नव्हतं, सुधारित प्रत सोबत जोडली आहे. माझा अर्ज विचारात आहे का, की नव्याने भरायला हवा?"

डॅशबोर्डचं वाक्य खरं असेल तरच लिही. तू नुसता कोर्स केला असशील, तर कोर्स केलाय असंच लिही.

आता अनुभवाचं. मागणी का वाढली याचा अंदाज पदनाम आणि पगार बघून येतो. नाव तेच, पगार तोच आणि एखादं कौशल्य वाढलंय, तर बहुधा पहिले अर्ज बघून मॅनेजरला नेमकं काय हवं ते उमगलंय. (त्यात तुझाही अर्ज असणार, हे गमतीचं!) तिथे सव्वा वर्षावर प्रयत्न करायला हरकत नाही. पण नावापुढे 'सीनियर' लागलं असेल किंवा पगाराचा आकडा बराच वर गेला असेल, तर ती जागाच वेगळी आहे. तिथे मी तुझी संध्याकाळ घालवणार नाही. दोन्हीकडे रकान्यात 2 मात्र भरू नकोस. इंटर्नशिप केली असशील तर ती वेगळ्या ओळीत, महिन्यांसकट दाखव. जुन्या अर्जात 1 आणि नव्यात 2 असे दोन आकडे एकाच ईमेल आयडीखाली शेजारी शेजारी दिसतात, आणि रिक्रूटरची नजर नेमकी तिथेच थबकते.

ईमेलला सातआठ कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर एकदाच आठवण कर. आणि नवी जाहिरात आजच सेव्ह करून ठेव, मुलाखतीला बोलावतील तोवर ती साइटवरून उतरलेली असू शकते.