विचारायचं होतं पाणीबिलाचं, गेली किराण्याची यादी

या वेळी आलेल्या प्रश्नांत एकच रडगाणं वेगवेगळ्या सुरात आलंय, त्यामुळे सगळे एकत्रच घेतोय. मी स्वतः बरीच वर्षं कस्टमर सपोर्टच्या चॅटवर काढली आहेत, लोक काय काय पेस्ट करतात ते पलीकडच्या बाजूने बघितलंय.

सोसायटीच्या ग्रुपवर पाणीबिलाचा प्रश्न टाकायचा होता, मी तो नीट कॉपी केला होता, तरी तूरडाळ, शेंगदाणे, साबुदाणा अशी जुनी यादीच गेली. मोबाईल बिघडलाय का? (ठाणे)

मोबाईल ठणठणीत आहे, कॉपी झालंच नव्हतं. पेस्ट हे बिचारं बिनडोक काम आहे, क्लिपबोर्डवर जे शेवटचं असेल ते आणून ओततं. आणि क्लिपबोर्डवर साधारणपणे एकच गोष्ट बसते, नवीन कॉपी झाली की जुनी जाते. नवीन झालीच नाही तर जुनी तिथेच बसून राहते, आणि फोन काही सांगत नाही की अहो ताई, तुमचं कॉपी राहिलं.

कुठे राहतं ते सांगतो, कारण दहातल्या आठ जणांचं मी एकाच ठिकाणी चुकताना बघितलंय. तुम्ही मजकुरावर बोट दाबून धरता, वर छोटी पट्टी येते, तिच्यात Cut, Copy, Select all असं असतं. तुम्ही Select all दाबता, सगळा मजकूर रंगतो, आणि मनात एकदम "झालं" असं वाटतं. झालेलं काहीच नसतं! फक्त मजकूर निवडला गेलाय, त्यानंतर परत Copy दाबायचं असतं, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजते किंवा पट्टी गायब होते आणि आपण सरळ ग्रुप उघडतो. आलेला मेसेज उचलतानाही तेच, बोट दाबून धरलं की मेसेज निवडला जातो, कॉपीचं चिन्ह वेगळं दाबावं लागतं.

ओळखायचं कसं, तर अँड्रॉइड १३ किंवा पुढचं असेल तर कॉपी झाल्याबरोबर स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात त्या मजकुराची छोटी चौकट दिसते. ती दिसली नाही तर पुढे जाऊच नका. जुन्या फोनवर आणि आयफोनवर अशी सोय नाही, तिथे पेस्ट केल्यावर बघणं हाच उपाय, आणि बघायचं ते वर सरकवून, कारण लिहायची चौकट छोटी असते, पेस्ट झाल्यावर कर्सर शेवटी जातो, म्हणजे लांब मजकुराची फक्त शेपटी दिसते आणि डोकं दिसत नाही. तुमच्या यादीच्या शेवटी "बिल" असा शब्द असता तर तुम्हाला बघूनही कळलं नसतं.

अजून एक, कीबोर्डच्या वरच्या पट्टीत अलीकडे कॉपी केलेला मजकूर एखाद्या सजेशनसारखा दिसतो, घाईत अंगठा तिथे पडला की तो सरळ चौकटीत. यादी तशीही गेली असेल.

मी लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये विमा कंपनीला विचारायचा मोठा प्रश्न लिहिला, सगळा सिलेक्ट करून कॉपी केला, तर प्रश्न गायब आणि त्या जागी माझ्या जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता. हे काय भूत आहे? (नाशिक)

हे भूत कीबोर्डवरच राहतं. C आणि V शेजारी शेजारी आहेत ना, तुम्ही Ctrl+C ऐवजी Ctrl+V दाबलंत. सगळा मजकूर निवडलेला असताना पेस्ट केलं की निवडलेलं सगळं पुसून त्या जागी क्लिपबोर्डवरचं येतं. म्हणजे दुहेरी मार: प्रश्न गेला, आणि क्लिपबोर्डवर अजूनही पत्ताच. मग माणूस घाबरून चॅटच्या खिडकीत जाऊन पेस्ट करून बघतो की निदान तिथे तरी आहे का, आणि तिथेही पत्ता!

असं झालं की हात कीबोर्डवरून उचला. दुसरं काही टाईप करू नका, नोटपॅड बंद करू नका, फक्त Ctrl+Z. प्रश्न जसाच्या तसा परत येतो, बहुतेक वेळा निवडलेल्या अवस्थेतच. मग Ctrl+C. खात्री हवी असेल तर दोनदा दाबा, दोनदा कॉपी केल्याने काही बिघडत नाही, मी अजूनही सवयीने दोनदाच दाबतो आणि ऑफिसात पोरं हसतात.

विंडोज १० (२०१८ च्या ऑक्टोबरचं अपडेट) पासून पुढे असाल तर Win+V दाबून बघा. पहिल्यांदा चालू करायला विचारेल, चालू केलंत की त्यानंतरच्या कॉपी जमा व्हायला लागतात, २५ पर्यंत. मग पेस्ट करतानाही Ctrl+V ऐवजी Win+V दाबायचं, यादी डोळ्यांसमोर येते, त्यातलं हवं ते निवडायचं, आंधळेपणाने ओतायचं नाही. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की पिन केलेलं सोडून बाकी सगळं जातं. आणि हो, जे कॉपीच झालं नाही ते त्या यादीतही नसतं, त्यामुळे तुमच्या केसमध्ये वाचवणारं Ctrl+Z च.

मॅकवर मी काही कॉपी केलं आणि दोन मिनिटांनी चॅटमध्ये पेस्ट केलं तर मुलीच्या डान्स क्लासचा पत्ता आला, तो मी मॅकवर कधीच कॉपी केलेला नाही. (पुणे)

मॅकवर नसेल, पण तुमच्याच अ‍ॅपल आयडीवर चालणाऱ्या आयफोनवर झालाय. तुमच्या हातात किंवा घरात कोणाच्या तरी. फोन आणि मॅक एका आयडीवर असतील, ब्लूटूथ, वायफाय आणि अ‍ॅपलची हँडऑफ नावाची सेटिंग चालू असेल आणि दोन्ही जवळ असतील तर क्लिपबोर्ड एकच होतो, एकीकडचं दुसरीकडे येतं. २०१६ पासून आहे ही सोय. तुम्ही मॅकवर कॉपी केलंत, मग मधल्या दोन मिनिटांत कोणीतरी फोनवर पत्ता कॉपी केला, तो नंतरचा म्हणून तोच जिंकला. घरात सगळे एकच आयडी वापरत असाल तर मुलीचा आयडी वेगळा करा. एकट्याचेच दोन्ही असतील आणि तरी वैताग होत असेल तर हँडऑफ बंद करा, पण मग फोनवरून मॅकवर ओटीपी पेस्ट करायची मजा जाईल.

प्रश्नाऐवजी चुकून नेट बँकिंगचा पासवर्ड पेस्ट होऊन चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. मी लगेच डिलीट केला. आता ठीक आहे ना? (कोल्हापूर)

पासवर्ड बदला, आत्ता, हे वाचायचं थांबवून. डिलीट केलं तरी ज्यांच्या फोनवर नोटिफिकेशन आलं त्यांनी ते वाचलेलं असू शकतं, आणि चाळीसांतले कोण कोण तेव्हा फोन हातात घेऊन बसले होते ते तुम्हाला कळणार नाही.

आता "डिलीट केला" म्हणजे नक्की काय केलंत ते आठवा. घाईत लोक Delete for me दाबतात, मग मेसेज फक्त आपल्यासमोरून जातो, बाकीच्यांना दिसतच राहतो. दाबल्यावर पाचेक सेकंद खाली Undo दिसतं, ते दाबून मेसेज परत आणा आणि मग Delete for everyone करा. ती संधी गेली असेल तर अ‍ॅडमिनला फोन करा, मेसेज नको, फोन. अ‍ॅडमिन ग्रुपमधला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो. Delete for everyone ला साधारण दोन दिवसांची मुदत असते.

किराणा यादीसारखं निरुपद्रवी काही गेलं असेल तर मात्र डिलीट करू नका. डिलीटची राखाडी पाटी दिसली की सगळे विचारतात काय होतं काय होतं. १५ मिनिटांच्या आत असाल तर मेसेज एडिट करा आणि यादीच्या जागी खरा प्रश्न टाका, विषय संपला.

आणि कंपन्यांच्या वेबसाईटवरच्या चॅटबद्दल एक गोष्ट जी बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. काही चॅट सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही सेंड दाबायच्या आधीच, चौकटीत जे लिहिताय ते समोरच्या एक्झिक्युटिव्हला दिसत असतं. उत्तर लवकर तयार ठेवता यावं म्हणून. मी स्वतः हे बघत बसलेलो आहे. म्हणजे पासवर्ड पेस्ट झाला आणि तुम्ही न पाठवता पुसला तरी तो कोणी पाहिला नाही असं छातीठोक म्हणता येत नाही.

मी एका कुरियरच्या चॅटवर काम करते. लोक नुसता पत्ता टाकतात, पुढे काहीच नाही. काय समजायचं? (नागपूर)

काहीही समजायचं नाही, हाच तर मुद्दा. यादी आली की कळतं चुकून आलीय, पण पत्ता हा तुमच्या कामातलाच ऐवज, त्यामुळे तो चुकून आलाय असं डोक्यातच येत नाही.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका गिऱ्हाईकाला विचारायचं होतं, पार्सल कुठे पोचलं. प्रश्न कॉपी झाला नाही, आणि क्लिपबोर्डवर आदल्या आठवड्यात मित्राला पाठवलेला गावाकडचा पत्ता होता, तोच गेला. गिऱ्हाईकाने न बघता सेंड केलं आणि चहाला गेलं. आमच्या पोराने बघितलं, पार्सल रस्त्यात आहे, गिऱ्हाईक पत्ता देतंय, म्हणजे पत्ता बदलायचाय. त्याने बदलला आणि "झालं सर" लिहिलं. गिऱ्हाईकाने परत येऊन "झालं सर" वाचलं, त्याला वाटलं पार्सल पोचलं! पुढचे चार दिवस सगळे एकमेकांवर चिडलेले, पार्सल भलत्या तालुक्यात.

म्हणून नुसता मजकूर आला की त्यावर काही करायच्या आधी एकच ओळ लिहायची, "एक पत्ता आलाय तुमच्याकडून, पार्सल तिथे पाठवायचंय की चुकून पेस्ट झाला?" दोन्ही पर्याय स्वतःच द्यायचे, म्हणजे माणसाला लाजायला होत नाही, नाहीतर काहीजण लाजेपायी "हो हो तिथेच" म्हणतात, खरंच. पूर्ण पत्ता परत टाईप करू नका, तो कोणा तिसऱ्याचाच असू शकतो, गावाचं नाव पुरे. आणि उत्तर येईपर्यंत सिस्टिममध्ये काहीही बदलायचं नाही, वरून टाइमर कितीही लाल होऊ दे.

क्लिपबोर्ड रिकामाच ठेवता येतो का, म्हणजे कटकट नको? (पणजी)

सोपा जुगाड म्हणजे काम झालं की कुठलाही एक शब्द कॉपी करायचा, मी "अ" करतो. मग चुकून गेलं तरी ग्रुपवर "अ" जातं. पण Win+V ची हिस्टरी चालू असेल तर जुनं मागे राहतंच, तिथे Clear all दाबावं लागतं, आणि पिन केलेलं त्यानेही जात नाही, ते एकेक करून काढायचं. फोनवरचा गूगलचा कीबोर्ड, म्हणजे जीबोर्ड, कॉपी केलेलं साधारण तासाभराने आपणहून टाकून देतो, पिन केलेलं सोडून. त्यामुळे पत्ता, पॅन, खाते नंबर असलं काही सोयीसाठी म्हणून पिन करून ठेवलं असेल तर ते आधी बघा, तिथे बोट चुकलं की तेच जाणार.