'मत द्या' की 'मत कळवा'?

प्रश्न: आम्ही चौघी मैत्रिणी दिवाळीचा फराळ विकायला सुरुवात करतोय. नावासाठी मित्रमंडळींना मेसेज पाठवायचाय: 'आपण तीन नावं शॉर्टलिस्ट केली आहेत – उंबरा, फडताळ, पाटवरवंटा. कृपया आपलं मत कळवा.' 'मत' बरोबर आहे की 'मतदान करा', 'कौल द्या' असं काही लिहावं?

'मत' अगदी बरोबर आहे. अडचण 'कळवा'ची आहे.

संस्कृतातल्या 'मन्' म्हणजे विचार करणे या धातूपासून 'मत' आला. त्यामुळे मराठीत एकच शब्द दोन कामं करतो: मनातला विचार तेही मत आणि पेटीत पडतं तेही मत. यातलं कुठलं, हे क्रियापदावरून कळतं. मत सांगतात, मांडतात, कळवतात, तेव्हा तो अभिप्राय असतो. मत देतात, ते मोजायचं असतं. आम्ही काही मित्रांनी ट्रेकचं सामान भाड्याने द्यायचं ठरवलं, तेव्हा नावासाठी मीच 'मत कळवा' असं लिहिलं होतं. बावीस जणांची उत्तरं आली. 'तिन्ही मस्त!', 'पहिलं भारदस्त वाटतं, पण दुसरं लक्षात राहतं', 'यापेक्षा सह्यकडा ठेवा ना'. लोकांनी मागितलं तेच दिलं होतं. मोजायला बसलो तेव्हा धड नऊ मतं निघाली. म्हणून 'एका नावाला मत द्या' असं लिहा. 'एका' आणि 'द्या' हे दोन शब्द त्यात हवेतच.

'मतदान करा' चुकीचं नाही, पण त्यामागे केंद्र, यादी, बोटाची शाई असं सगळं उभं राहतं. शिवाय मतदान ही क्रिया झाली. मोजताना आपण 'उंबऱ्याला सात मतं पडली' असंच म्हणतो.

'कौल' मला फार आवडतो, पण इथे तो बसत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, वचन. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीला कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवून प्रश्न विचारतात, आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं त्यावरून होकार-नकार समजतात. म्हणजे कौल एका प्रश्नाला मिळालेलं निर्णायक उत्तर असतो. 'जनतेने कौल दिला' म्हणतो तेव्हाही सगळ्यांचा मिळून एकच कौल असतो. मतं मोजून झाली की 'मंडळींचा कौल फडताळला' असं खुशाल जाहीर करा.

आता तुम्ही न विचारलेली, पण मेसेजमध्ये जास्त खटकणारी गोष्ट: 'आपण'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. हा भेद आपल्याकडे लख्ख आहे, तो सांडू नये. नावं तुम्ही चौघींनी निवडलीत, मेसेज वाचणाऱ्यांनी नाही. 'आपण तीन नावं शॉर्टलिस्ट केली' वाचून एखादा विचारेल, मी कधी केली? त्यात लगेच पुढे 'आपलं मत' आहे, आणि तिथे 'आपलं' म्हणजे आदराने 'तुमचं'. एकाच मेसेजात एक शब्द दोन अर्थांनी आला. 'आम्ही' आणि 'तुमचं' लिहा, गुंता सुटेल. मेसेज तुम्हा चौघींच्याच गटात असता, तर 'आपण' योग्य ठरलं असतं.

'शॉर्टलिस्ट' बोलण्यात रुळलाय, चालेल. पण फराळवाल्यांना 'चाळून तीन उरली' याहून चांगलं काय मिळणार?

वर मी 'उंबऱ्याला' लिहिलं आणि 'फडताळला' लिहिलं, हेही सांगून ठेवतो. घराच्या दाराचा तो 'उंबऱ्याला', सामान्यरूप होणारच. नाव म्हणून अवतरणात टाकलं की ते जसंच्या तसं ठेवायची पद्धत आहे: क्रिकेटच्या 'सामन्यात', पण वृत्तपत्र असेल तर 'सामना'त. बोलण्यात मात्र लोक 'उंबऱ्याचे लाडू' म्हणणार. नाव रुळल्याची ती खूण आहे, टोकू नका.

तीन नावांत मतं फुटतात, म्हणून दुसरी पसंतीही विचारा. समजा वीस मतं ८, ७, ५ अशी पडली. पाचवालं नाव बाद करून त्या पाच जणांची दुसरी पसंती पाहिली आणि चौघांची सातवाल्याला निघाली, तर ते ११ वर जातं आणि पहिलं ९ वर राहतं. विधान परिषदेच्या निवडणुकीमुळे 'पहिल्या पसंतीची मतं' हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या कानावर आहेच, समजवावं लागणार नाही.

मी असं लिहिलं असतं:

'मंडळी, आम्ही चौघी या दिवाळीपासून फराळ विकायला लागतोय. बरीच नावं चाळून तीन उरली आहेत: १) उंबरा २) फडताळ ३) पाटवरवंटा. एका नावाला मत द्या, आणि ते नसेल तर दुसरं कोणतं तेही सांगा. नुसते आकडे पुरेत, पहिली पसंती आधी: जसं ३, १. रविवारी रात्री ९ पर्यंत. आणखी काही सुचवायचं असेल तर आकड्यांच्या खाली लिहा.'