'वार' करणाऱ्याचा, 'घाव' बसलेल्याचा

प्रश्न : "माझ्या अद्भुतकथेत खाडीच्या मुखाशी पाग टाकून मासे धरणारा एक पोरगा गिऱ्ह्याशी, म्हणजे पाण्यातल्या भुताशी, कोयत्याने झुंजतो. सहा वार अगदी आखून लिहिलेत, पण वाचणारे म्हणतात, भीतीच वाटत नाही. 'वार' आणि 'घाव' यांत काही फरक आहे का? आणि 'पाचावर धारण बसली' याहून नेमकं काय लिहावं?"

फरक आहे, आणि तुमची अडचण बरीचशी त्या फरकातच आहे. वार करणाऱ्याचा असतो. तो करतात, चुकवतात, परतवतात, आणि तिथेच तो संपतो. घाव घालणाऱ्याच्या हातून निघतो, पण राहतो तो ज्याला बसला त्याच्याकडे. घाव ठणकतो, चिघळतो, भरतो. 'वार भरला' असं आपण कधी म्हणत नाही. तुम्ही सहा वार लिहिलेत. त्यांतला एकही दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या अंगावर उरला आहे का, ते आधी पाहा.

भीतीचा प्रश्न मात्र शब्दाचा कमी आणि वाक्याचा जास्त आहे. 'त्याने कोयता उगारला, त्याने डावा पाय मागे घेतला, त्याने वार चुकवला' ही वाक्यं बघा. प्रत्येक वेळी 'त्याने'. हा माणूस प्रत्येक गोष्ट ठरवून करतो आहे, मग आपण त्याच्यासाठी का घाबरायचं? घाबरलेल्या माणसाचं कर्तेपण मराठी काढून घेते. भीती त्याला वाटते. धस्स त्याच्या छातीत होतं. कोरड घशाला पडते, त्राण पायांतलं जातं. माणूस 'ला' आणि 'च्या'मध्ये मागे सरकतो आणि वाक्याचा ताबा त्याच्या अवयवांकडे जातो. प्रत्यक्ष भीतीतही तेच घडतं: बोटांची बारीक हालचाल बिघडते, आजूबाजूचे आवाज विरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते.

त्याच्या पुढची पायरी शक्य क्रियापदाची, आणि ते रूप मला फार प्रिय आहे. 'त्याने कोयता उचलला नाही' यात निर्णय आहे. 'त्याच्याने कोयता उचलवेना' यात इच्छा आहे, हात आहे, कोयताही आहे, फक्त तिन्ही एकत्र येत नाहीत. झुंज संपल्यावर 'मळमळलं'सारखं भावकर्तृक क्रियापद घ्या, तिथे तर वाक्याला वेगळा कर्ताच उरत नाही.

'पाचावर धारण बसली' इथे टाळाच. धारण म्हणजे धान्याचा भाव, असं त्या वाक्प्रचाराचं स्पष्टीकरण देतात. खरी भीती वर्णायला तो वाईट नाही, पण तो लांबून बघणाऱ्याचा आहे. 'बोबडी वळली', 'गाळण उडाली', 'भंबेरी उडाली' यांचंही तेच. घाबरलेल्याकडे बघून दुसरा कुणीतरी हे बोलतो, आणि त्यात थोडं हसू असतं. गावात परतल्यावर पारावर कुणी ही झुंज रंगवून सांगणार असेल, तर हे सगळे त्याच्या तोंडी द्या. पोराच्या आतून लिहिताना 'पोटात गोळा आला', 'अंगाला कापरं भरलं' हे चालतील, पण तेही एका दृश्यात एखादाच.

आता तुमचाच प्रसंग असा लिहून बघू:

"गिऱ्हा पाण्यातून वर आला तशी त्याच्या छातीत धस्स झालं. लाटांचा आवाज बंद पडला. कमरेच्या आकडीतला कोयता पहिल्या ओढीला निघालाच नाही. दुसऱ्या ओढीला निघाला, पण हात खांद्याच्या वर जाईना. पाय मागे सरला, शेवाळावरून निसटला आणि डावा तळवा कालवांच्या धारदार शिंपांवर आपटला. लागलेलं कळलं नाही. हाताला काहीतरी ऊन लागलं, एवढंच. मग कोयता चालला. किती वेळा, कशावर, ते कळलं नाही. पाणी स्वस्थ झालं तरी त्याच्याने कोयता खाली ठेववेना. मुठीची बोटं उलगडत नव्हती. ती त्याने दातांनी एकेक करून सोडवली. मग त्याला मळमळलं."

सहा वारांचं एक वाक्य झालं, 'कोयता चालला'. 'त्याने' एकदाच आला, तोही झुंज संपल्यावर, स्वतःचीच बोटं सोडवताना. आणि घाव गिऱ्ह्याने घातलेला नाही. भीतीने पाय मागे गेला, त्यातून तो झाला. किनाऱ्यावरच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ओहोटीला कातळावरची कालवं काढताना लहानपणी माझाही तळवा चिरला होता. पाण्यात रक्ताचा धागा दिसला तेव्हा मी बाजूच्या काकूंना विचारलं, 'कुणाला लागलं?' दुखायला लागलं ते घरी आल्यावर. 'लागणं' आणि 'दुखणं' यांच्यात असा वेळ जातो, म्हणून ही दोन क्रियापदं एकाच वाक्यात कोंबू नका.

पुढे त्या हाताचं काय होतं, यावर तुमच्या कथेतली दोन-तीन पानं खर्च व्हायला हवीत. खारं पाणी आधी झोंबतं. रात्री ठणका लागतो, हाताच्या नाडीबरोबर. दोन-चार दिवसांत कडा लाल झाल्या, हात ऊन लागू लागला, काखेत अवधाण आलं, तर घाव चिघळला. 'अवधाण' हा शब्द जरूर वापरा. जखम हाताला आणि गाठ काखेत, हे त्या एका शब्दात येतं. समजा, चिघळला नाही आणि खपली धरली. तरी तळव्याची चीर खोल असेल, तर बोट वाकवणाऱ्या कंडरा तुटलेल्या असू शकतात. ते ओळखायचं असं : सूज उतरते, दुखणं थांबतं, तरी बोट स्वतःहून वाकत नाही, दुसऱ्या हाताने मात्र वाकवता येतं. शिवल्याशिवाय तुटलेली कंडरा पुन्हा कामाला येत नाही, आणि तुमच्या जगात ती शिवणारं कुणी नसेल.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ही दोन धरा. मुठीची बरीचशी ताकद त्यांच्यात असते. पोरगा पाग टाकणारा आहे ना? मग ओलं, शिशाच्या मण्यांनी जड झालेलं जाळं त्याला डाव्या हातात तोलून धरता येणार नाही. पाग पाण्यावर गोल उघडायच्या ऐवजी एका बाजूला गोळा होऊन पडेल. पहिल्यांदा तसा पडेल तेव्हा गिऱ्ह्याचं नावही घेऊ नका.

कथेत भगत असेल आणि त्याचा अंगारा जखमा भरत असेल, तर तो कातडीपुरता ठेवा. चीर मिटू दे, बोट ताठच राहू दे. सगळंच बरं करणारा अंगारा आला की मागच्या झुंजीतलं भयही निघून जातं, कारण पुढच्या वेळी कोयता निघाला तरी वाचकाला काळजी उरत नाही.

राहिला 'वण'. लिहिताना पुष्कळ जण तिथे 'व्रण' घालतात. पण व्रण ही मुळात जखम, उघडी किंवा वाहती, आणि वण ही भरल्यावर उरलेली खूण. झुंजीच्या रात्री पोराच्या तळव्यावर व्रण आहे. पुढच्या नारळी पौर्णिमेला, होड्या पुन्हा पाण्यात जातात तेव्हा, तिथे वण असेल.