चढाचं एक्झिट तिकीट: चूक कुठली ते उत्तरावरूनच कळावं

प्रश्न: दहावीला ‘रेषेचा चढ’ शिकवते. तासिका ४० मिनिटांची, वर्गात पन्नासच्या वर मुलं. शेवटी एक्झिट तिकीट, म्हणजे एक-दोन प्रश्नांची छोटी चिठ्ठी, सोडवायला देते. बहुतेकांची उत्तरं बरोबर येतात, पण दुसऱ्या दिवशी तीच मुलं गोंधळतात. प्रश्न कसे काढावेत?

उत्तर:

मॅडम, आधी चिठ्ठीतले आकडे बघा. (1, 2) आणि (3, 4) असे बिंदू दिले की चढ 1 येतो. पण x मधला फरक वर आणि y मधला खाली लिहिणाऱ्याचाही 1 येतो, आणि दोन्हीकडे वजाबाकीचा क्रम उलटा धरणाऱ्याचाही. यातला दुसरा बरोबर आहे, पहिल्याला काही कळलेलं नाही, आणि तुमच्या हातात दोघांच्या सारख्याच चिठ्ठ्या. म्हणून आकडे असे निवडायचे की प्रत्येक नेहमीची चूक वेगळ्या उत्तरावर जाऊन पोचेल.

मी A(–2, 5) आणि B(4, 1) देतो. चढ –2/3. सूत्र उलटं केलं तर –3/2 येतं. 4 – (–2) ऐवजी 4 – 2 केलं तर –2 येतं. वर B मधून A वजा आणि खाली A मधून B वजा केलं तर 2/3. इथे एक अडचण आहे: शेवटी उणे चिन्ह गाळणाऱ्याचंही उत्तर 2/3 च असतं. त्यामुळे कृतीसाठी जागा ठेवा, नुसती उत्तराची रेघ नको.

या प्रश्नाच्या आधी एक ओळ घाला: ‘काहीही न मोजता सांगा, AB ही रेषा डावीकडून उजवीकडे जाताना चढते की उतरते?’ माझ्या मते चिठ्ठीतला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. ‘उतरते’ लिहून खाली 2/3 काढणाऱ्या मुलाला चित्र दिसतं आहे, फक्त उत्तर त्याच्याशी ताडून बघायची सवय नाही. ‘चढते’ लिहून –2/3 काढणारा मात्र नुसतं सूत्र चालवतो आहे. दुसऱ्या दिवशी गोंधळणारी तुमची मुलं बहुधा यातलीच असणार, कारण फक्त उत्तर तपासलं तर ती पास होतात.

दुसरा प्रश्न उलट्या बाजूने: ‘एक रेषा P(0, 3) मधून जाते, तिचा चढ –2 आहे. तिच्यावरचा आणखी एक बिंदू लिहा.’ (1, 1), (2, –1), (–1, 5) असं काहीही चालेल. (1, 5) आलं तर उणे चिन्हाचा अर्थ लागलेला नाही. (0, 1) आलं तर मूल दोन घरं खाली आलं, पण आडवं सरकलंच नाही. –2 म्हणजे –2/1 हे त्याला दिसत नाही. (–2, 4) आलं तर त्याने आडवं आणि उभं यांची अदलाबदल केली. हा प्रश्न पाठ केलेल्या सूत्रात आकडे भरून चटकन सुटत नाही, म्हणून तो हवाच.

एवढंच पुरे. उभ्या रेषेचा चढ त्या दिवशी शिकवला नसेल तर तिसऱ्या प्रश्नात तो घुसडू नका. ‘आज काय समजलं?’ हेही नको, सगळी मुलं ‘चढ समजला’ लिहितात.

वेळेचं म्हणाल तर तेहतिसाव्या मिनिटाला फळा थांबवा. A4 कागदाचे चार तुकडे आधीच कापून ठेवा, प्रश्न फळ्यावर लिहा, पाच मिनिटं द्या. उरलेल्या दोन मिनिटांत चिठ्ठ्या गोळा होतात. एका बाकावर दोघं-तिघं बसत असतील तर दुसरा संच ठेवा: A(–3, 6), B(5, 0), आणि P(0, 1) मधून जाणारी –3 चढाची रेषा. त्यातही चुका वेगळ्या पडतात: उलटं सूत्र –4/3, चिन्हाची चूक –3, क्रमाची चूक 3/4.

गुण देऊ नका, गठ्ठे करा. आकडेमोडीत चुकलेले एका बाजूला, चित्र आणि चिन्ह न जुळलेले दुसऱ्या, दुसरा प्रश्न अडलेले तिसऱ्या. पहिला गठ्ठा मोठा निघाला तर उद्या ऋण संख्यांच्या वजाबाकीला पाच मिनिटं द्या, चढ पुन्हा शिकवायची गरज नाही. दुसरा मोठा असेल तर सूत्र बाजूला ठेवून आलेखाच्या कागदावर ‘इतकं उजवीकडे, इतकं वर किंवा खाली’ असं मोजून घ्या. तिसऱ्यालाही आलेखच, पण एका बिंदूपासून निघून पुढचा बिंदू मुलांनीच शोधायचा.

आणि बरोबर आलेल्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. अर्ध्या तासापूर्वी फळ्यावर पाहिलेलं मुलांच्या डोळ्यांसमोर असतंच. चार-पाच दिवसांनी, दुसराच विषय चालू असताना, दुसरा प्रश्न अपूर्णांकी चढ घेऊन पुन्हा विचारा: P(0, 3), चढ 2/3. त्या वेळी (2, 6) लिहिणारी मुलं वेगळी काढा. त्यांनी आडवं-उभं उलटं धरलेलं आहे.