सप्तपदीचा अर्थ हिंदीतून: सात वचनं आणि सात पावलं एक नव्हेत

प्रश्न: मुलीचं लग्न नाशिकला आहे, व्याही कानपूरचे. सप्तपदी चालू असताना माइकवर हिंदीतून अर्थ सांगायचा आहे, त्यांच्या आजींपासून छोट्या मुलांपर्यंत सगळ्यांना कळेल असा. नेटवर ‘सात वचन’ मिळाली आहेत, तीच वाचू का?

उत्तर:

ताई, तीच नका वाचू. मी भाचीच्या लग्नात नेमकं हेच केलं होतं. गुरुजींनी पहिल्या पावलाला ‘इष एकपदी भव’ म्हटलं आणि मी कागदावरून वाचलं, ‘तीर्थ-व्रत में मुझे साथ ले जाना’. पुढच्याच रांगेत बसलेल्या नवऱ्याच्या नानी म्हणाल्या, ‘बेटा, पंडित जी तो अन्न की बात कर रहे हैं, ये तीर्थ बीच में कहाँ से आया?’ त्यांना तेवढं संस्कृत कळत होतं. मला नव्हतं.

घोळ असा आहे. उत्तरेकडची ‘सात वचन’ नवरी नवऱ्याकडून मागून घेते: हे हे कबूल असेल तर मी तुझ्या डाव्या बाजूला येते. सप्तपदीचे मंत्र नवरा नवरीला म्हणतो, एकेका पावलाला एकेक. बोलणारंच वेगळं, म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्यावर बसत नाही. शिवाय व्याह्यांच्या डोक्यात अग्नीभोवतीचे सात फेरे असणार. आपल्याकडे लाजाहोमात लाह्या वाहताना बहुधा तीनच प्रदक्षिणा होतात आणि सप्तपदी म्हणजे तांदळाच्या सात राशींवर सात पावलं. ‘चार फेरे रह गए’ अशी कुजबुज व्हायच्या आधीच हे सांगून टाका: ‘हमारे यहाँ सात फेरे नहीं, सात कदम होते हैं।’

आता मंत्रांचा अर्थ. एका पावलाला एकच छोटं वाक्य ठेवा. मी दुसऱ्या लग्नात असं म्हटलं: ‘पहला कदम, घर में अन्न की कमी न हो। दूसरा, शरीर में ताकत रहे। तीसरा, घर में बरकत हो। चौथा, सुख-चैन रहे। पाँचवाँ, आँगन में बच्चे खेलें। छठा, हर मौसम अच्छा बीते। सातवाँ, सात कदम साथ चले, अब तुम मेरी सखी बनो।’ आकडा मुलांना म्हणू द्या. तांदळाच्या राशी त्यांना दिसत असतात, तिसऱ्या पावलापासून ती स्वतःच ओरडायला लागतात.

पाचव्या पावलाचं मात्र गुरुजींना आधी विचारा. ऋग्वेदी आश्वलायन पद्धतीत तिथे ‘प्रजाभ्यः’ येतं, म्हणजे मुलंबाळं. नाशिकात शुक्ल यजुर्वेदी घरं पुष्कळ, त्यांच्या पारस्कर गृह्यसूत्रात त्याच जागी ‘पशुभ्यः’ आहे. तसं असेल तर ‘गाय-बैल फलें-फूलें’ म्हणा. आणि ‘प्रजा’ हा शब्द हिंदीत तसाच ठेवू नका, कानपूरच्या माणसाला राजाची प्रजा आठवेल. आपला ‘संसार’ही तसाच फसवतो. ‘इनका संसार सुखी हो’ म्हटलंत तर ते ‘यांचं जग’ असं ऐकतील. तिथे ‘गृहस्थी’ म्हणा.

प्रत्येक पावलाला गुरुजी जोडतात ती ओळ ‘सा मामनुव्रता भव’. तिचा अर्थ ‘मेरी आज्ञा मानो’ असा कुणी सांगतं. मला तो खटकतो. ‘अनुव्रता’ म्हणजे माझ्या व्रताला साथ देणारी, म्हणून मी ‘मेरे साथ-साथ चलो’ एवढंच म्हणते, तेही फक्त पहिल्या पावलाला. सात वेळा ऐकवलं तर लोक कंटाळतात.

बोलायचं मंत्र संपल्यावर, पाऊल राशीवर टेकलेलं असताना. मंत्रावर आवाज चढवला तर दोन्ही ऐकू येत नाहीत. गुरुजींशी खूण ठरवा, मी मान हलवली की ते पुढचा मंत्र घेत. असं केल्याने सगळं पाचेक मिनिटांत आटोपतं. माइक होमापासून जरा लांब धरा, धुराने ठसका लागतो.

खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे ‘शुभ मंगल सावधान’ झालं, अक्षता पडल्या की अर्धा हॉल पंगतीला पळतो. सप्तपदीला मांडवात दहा जण आणि फोटोग्राफर उरतात. तुमचा सगळा अर्थ रिकाम्या खुर्च्यांना ऐकवू नका. केटरर्सना आदल्या दिवशीच सांगा की सातवं पाऊल पडेपर्यंत पानं वाढायची नाहीत. व्याह्यांकडच्यांनाही सांगा की हिंदू विवाह कायदा, 1955 प्रमाणे, विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलालाच लग्न पूर्ण होतं. मी हे म्हटलं तेव्हा नवऱ्याच्या मामांनी हातातली प्लेट परत ठेवली.